रिव्ह्यूअर विचारतोय : १८ मुलाखतींवर सॅच्युरेशन आलं हे कशावरून?

कोरा_कागद

शिफ्ट बदलताना नर्स एकमेकींना रुग्णाची माहिती कशी देतात आणि त्यातलं काय निसटतं, यावर गुणात्मक अभ्यास आहे. १८ मुलाखती, प्रत्येक साधारण ४० ते ५५ मिनिटांची. जर्नलला पाठवलेल्या मसुद्यात पद्धतीच्या भागात एकच वाक्य होतं : "डेटा सॅच्युरेशन येईपर्यंत मुलाखती घेण्यात आल्या." म्हणजे नव्या मुलाखतींतून नवं काही येईनासं होईपर्यंत. त्यावर रिव्ह्यूअर दोनने तीन गोष्टी विचारल्या आहेत. सॅच्युरेशन कोणत्या अर्थाने म्हणताय, ते कधी आणि कसं ठरवलं, आणि १८ हाच आकडा का?

कोडिंग पूर्ण आहे, म्हणजे मुलाखतींतल्या मजकुराला मुद्द्यांची नावं देऊन झाली : ६० कोड, आणि ते एकत्र बांधून ५ थीम. मुलाखत दिलेल्यांपैकी १० जणी जनरल वॉर्डच्या, ६ आयसीयूच्या आणि २ एजन्सीमार्फत गरजेप्रमाणे येणाऱ्या. मुलाखतीही याच क्रमाने झाल्या, म्हणजे आधी वॉर्ड, मग आयसीयू, शेवटी एजन्सी. आता उत्तर देण्यासाठी नेमकं काय मोजायचं?

दशमान

एवढं काही नाही त्यात. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा पेपर आहे, १२ मुलाखतींत सॅच्युरेशन येतं असं त्यात दाखवलंय. तुमच्या १८ आहेत. संदर्भ द्या आणि पुढे चला.

रानपाखरू

१८ म्हणजे फारच कमी नाही का? ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली तर ३८४ लागतात. आमच्या प्रश्नावलीला गाईडनी तेच सूत्र लावायला सांगितलं होतं. रुग्णालयात एकूण नर्स किती आहेत ते सांगा, त्यावरून आकडा कमी करता येईल.

मेधा_सं

रानपाखरू, ते सूत्र एखादं प्रमाण अंदाजायचं असतं तेव्हाचं. "किती टक्के नर्स लेखी नोंद न बघता काम सुरू करतात?" असा प्रश्न असता तर ते लागू पडलं असतं. इथे टक्केवारी काढायचीच नाहीये. माहिती कोणकोणत्या वाटांनी निसटते आणि का, एवढंच बघायचंय. तुमच्या प्रश्नावलीसाठी ते बरोबर असेल, इथे त्याचा संबंध नाही.

दशमान, तो पेपर "१२ पुरतात" असा नियम म्हणून वापरला जातो, पण तो नियम नाहीये. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखतींचा डेटा आधीच हातात होता, आणि नवे कोड येणं कुठे मंदावलं ते मागे वळून मोजलं. १२ हा त्या डेटाचा निष्कर्ष. सहभागी बऱ्यापैकी एकसारख्या, विषय नेमका, सगळ्यांना प्रश्न जवळपास तेच. या अटी सोडून नुसता आकडा उचलला की रिव्ह्यूअरला पुढचा प्रश्न आयता मिळतो : तुमचा गट तेवढा एकसारखा आहे का? कोरा_कागद यांचा तर उघडच नाही, तिथे तीन प्रकारच्या नर्स आहेत.

दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा स्वतःच्या डेटातला पुरावा दाखवणं कधीही चांगलं. एक तक्ता करा. ओळींमध्ये ६० कोड, स्तंभांमध्ये १८ मुलाखती घेतलेल्या क्रमाने. ज्या मुलाखतीत कोड आहे तिथे 1, नाही तिथे रिकामं. कोडची नावं A मध्ये आणि मुलाखती B ते S मध्ये असतील, तर T स्तंभात कोड पहिल्यांदा कुठे आला ते असं निघेल :

```
=MATCH(1,B2:S2,0)
```

हे ६१ व्या ओळीपर्यंत ओढा. मग प्रत्येक मुलाखतीने किती नवे कोड दिले ते मोजा. सातव्या मुलाखतीसाठी :

```
=COUNTIF($T$2:$T$61,7)
```

एक गोष्ट सांभाळा. हा तक्ता अंतिम कोडबुकवरून आणि सगळ्या ट्रान्सक्रिप्ट त्या कोडबुकने पुन्हा तपासून झाल्यावरच भरा. एखादा कोड तुम्हाला सुचला बाराव्या मुलाखतीच्या वेळी, पण तीच गोष्ट तिसऱ्या मुलाखतीतही होती आणि तेव्हा नजरेतून सुटली होती, असं सर्रास होतं. मागे जाऊन तपासलं नाही तर नवे कोड आहेत त्यापेक्षा उशिरा आल्यासारखे दिसतात.

कोरा_कागद

ट्रान्सक्रिप्ट अंतिम कोडबुकने पुन्हा तपासल्या होत्या, त्यामुळे तक्ता लगेच झाला. पहिल्या ते अठराव्या मुलाखतीपर्यंत नवे कोड असे :

१४, ९, ६, ५, ३, २, १, ०, १, ० (वॉर्ड)
६, ४, २, १, १, ० (आयसीयू)
३, २ (एजन्सी)

बेरीज ६० येते.

दशमान

मग हे तर फारच सोपं झालं. गेस्ट, नेमी आणि चेन यांची २०२० ची रीत लावा. पहिल्या ४ मुलाखतींतले कोड हा पाया : १४+९+६+५ = ३४. मग दोन-दोन मुलाखतींच्या खिडकीत किती नवे कोड येतात ते बघायचं आणि पायाने भागायचं. खिडकी एकेका मुलाखतीने पुढे सरकते.

५ व ६ : ५ भागिले ३४, म्हणजे १५ टक्के.
६ व ७ : ३ भागिले ३४, ९ टक्के.
७ व ८ : १ भागिले ३४, ३ टक्के.

मर्यादा ५ टक्के धरली तर सहाव्या मुलाखतीलाच सॅच्युरेशन, आणि ७ व ८ ने ते पक्कं झालं. लिहिताना "६+२" असं लिहितात. उरलेल्या १० मुलाखती तर जास्तीच्याच झाल्या. रिव्ह्यूअरला आणखी काय हवं?

मेधा_सं

गणित अचूक आहे. आता तीच खिडकी पुढे सरकवा. ११ व १२ : १० भागिले ३४, २९ टक्के. आठव्या मुलाखतीपर्यंत ४० कोड झाले होते आणि त्यानंतर २० आले. म्हणजे आठव्याला थांबला असतात तर एकूण कोडपैकी एक तृतीयांश हातात आलेच नसते. आणि रिव्ह्यूअर जर कोडची यादी आणि सहभागींचा तक्ता शेजारी ठेवून बघणारा असेल, तर हे त्याला दहा मिनिटांत दिसेल.

रीत चुकीची नाही. ती एवढंच सांगते की या प्रकारच्या माणसांकडून, या प्रश्नांवर, आता नवीन फारसं येत नाही. वॉर्डच्या नर्स एकापाठोपाठ एक आल्या म्हणून आलेख सपाट झाला. अकराव्या मुलाखतीला माणसांचा प्रकार बदलला आणि तो पुन्हा वर गेला. सतराव्याला पुन्हा तेच. सगळ्या १८ मुलाखतींसाठी एकच सॅच्युरेशन सांगायला गेलात की हा उंचवटा झाकावा लागतो. गटवार सांगितलंत तर तोच उंचवटा तुमच्या बाजूचा पुरावा होतो, कारण वेगळ्या गटांना मुद्दाम का घेतलं हे त्यातून दिसतं.

तेव्हा आता आयसीयूचा तक्ता स्वतंत्र करा. इथे बरेच जण घोळ घालतात. वर दिलेले ६, ४, २, १, १, ० हे आकडे इथे चालणार नाहीत. ते एकूण अभ्यासात नवे असलेले कोड आहेत. आयसीयूच्या गटासाठी, वॉर्डमध्ये आधी आलेला कोडही आयसीयूमध्ये पहिल्यांदा आला की नवाच धरायचा. नवीन स्तंभात सूत्र फक्त L ते Q वर चालवा :

```
=MATCH(1,L2:Q2,0)
```

जो कोड आयसीयूमध्ये आलाच नाही तिथे #N/A दिसेल, तो तसाच राहू द्या, COUNTIF त्याला मोजत नाही. आणि इथे क्रमांक १ ते ६ येतील, ११ ते १६ नाही.

कोरा_कागद

आयसीयूचे : २१, ८, ५, २, १, ०. पाया ३६, शेवटची खिडकी १ भागिले ३६, म्हणजे ३ टक्के.

मेधा_सं

म्हणजे ४+२. उत्तीर्ण, पण काठावर. पाया चारचा आणि त्यानंतर तपासायला एकच खिडकी, पुढे डेटाच नाही. वॉर्डसाठी मात्र जरा कडक निकष लावूनही भागतं : तीनची खिडकी घेतली तर ५ ते ७ ला १८ टक्के, ६ ते ८ ला ९, ७ ते ९ ला ६, ८ ते १० ला ३. म्हणजे ७+३. दोन्ही गटांना एकाच वजनाचा दावा करू नका. वॉर्डबद्दल ठामपणे लिहा, आयसीयूबद्दल "नव्या कोडचं प्रमाण मर्यादेखाली आलं, मात्र त्यानंतर पडताळणीला मुलाखती उरल्या नव्हत्या" असं लिहा.

एजन्सीच्या दोघींबद्दल सॅच्युरेशन हा शब्दच वापरायचा नाही. दोन मुलाखतींत ५ नवे कोड आले आणि तिथेच थांबलात. तो गट उघडा आहे.

आडवा_छेद

हा सगळा आकडेमोडीचा खेळ एका गृहीतावर उभा आहे. कोड डेटात आधीपासून पडलेले असतात आणि आपण ते वेचतो, हे ते गृहीत. ६० कोड का, २५ का नाहीत? उद्या "घाईत सांगितलं", "अर्धवट सांगितलं" आणि "निघता निघता सांगितलं" हे तीन एकत्र केले की आलेख आणखी लवकर सपाट होईल. बारीक कोड केले तर कधीच होणार नाही. मग मोजलं काय, डेटा की कोड पाडणाऱ्याची सवय?

ब्राउन आणि क्लार्क यांनी २०२१ मध्ये हेच मांडलंय : रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक विश्लेषणात अर्थ संशोधक घडवतो, त्यामुळे "आता नवीन काही उरलं नाही" हा दावाच तिथे जुळत नाही. थांबणं हा नेहमीच संशोधकाचा निर्णय असतो, तो निर्णय म्हणूनच सांगा. माल्टेरुड आणि सहकाऱ्यांची २०१६ ची इन्फर्मेशन पॉवरची मांडणी त्यासाठी बरी : उद्दिष्ट किती अरुंद, सहभागी विषयाच्या किती जवळचे, हाताशी सिद्धान्त आहे का, संवाद किती सकस झाला, आणि विश्लेषण एकेका व्यक्तीत खोल जाणारं की सगळ्यांमध्ये आडवं जाणारं. या पाच गोष्टींवरून नमुन्याचं समर्थन करा, टक्केवारी काढूच नका.

मेधा_सं

कोडच्या जाडीबद्दलचं बरोबर आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर असं की कोणत्या पातळीवर मोजलं ते लिहायचं आणि टोकं टाळायची. याच अभ्यासात ५ थीम मोजल्या तर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मुलाखतीतच पाचही हजेरी लावून जातील. त्यावरून तीन मुलाखती पुरल्या असं कुणी म्हणणार नाही. म्हणून थीमवर सॅच्युरेशन मोजलेलं दिसलं की सावध व्हायचं. कोडवर मोजायचं, आणि कोडची व्याख्या कोडबुकमध्ये मोजणीच्या आधी गोठलेली हवी. मोजताना कोड एकत्र करत बसलं की मनासारखा आलेख काढता येतो, हा तुमचा आक्षेप तिथे अगदी लागू पडतो.

बाकी कोणती मांडणी घ्यायची ते विश्लेषण कसं केलं यावर ठरेल. कोरा_कागद, कोडिंग एकट्याने केलं की दोघांनी?

कोरा_कागद

दोघींनी. पहिल्या ४ ट्रान्सक्रिप्ट स्वतंत्रपणे कोड केल्या, मतभेद चर्चेने मिटवले, कोडबुक ठरवलं, मग बाकीच्या वाटून घेतल्या. पद्धतीत "थीमॅटिक विश्लेषण" एवढंच लिहिलंय.

मेधा_सं

मग ते कोडबुक पद्धतीचं विश्लेषण झालं, रिफ्लेक्सिव्ह नाही. त्यात कोड मोजणं विसंगत नाही. पण मसुद्यात विश्लेषणासाठी ब्राउन-क्लार्क यांचा रिफ्लेक्सिव्ह पद्धतीचा संदर्भ दिला असेल तर आडवा_छेद म्हणतात तो आक्षेप रिव्ह्यूअरही घेईल. तपासून घ्या.

आडवा_छेद

कोडबुक असलं तरी माझा मुद्दा तसाच राहतो, पण इथे तो ताणत नाही. एवढंच की "सॅच्युरेशन" शब्द रिव्ह्यूअरने मागितला म्हणून द्यायचा, ही सवय वाईट. इन्फर्मेशन पॉवरने उत्तर दिलं तरी बहुतेक जर्नल स्वीकारतात.

तळटीप

तुम्ही सगळे गणितात शिरलात, मला मूळ वाक्यच खटकलं. "सॅच्युरेशन येईपर्यंत मुलाखती घेण्यात आल्या." याचा अर्थ मुलाखती चालू असताना विश्लेषणही चालू होतं आणि त्याच्या जोरावर थांबायचं ठरवलं. तसं झालं होतं का? मुलाखतींच्या तारखा आणि कोडिंगच्या तारखा काय आहेत?

कोरा_कागद

सगळ्या १८ मुलाखती सहा आठवड्यांत झाल्या. ट्रान्सक्रिप्शन त्याच दरम्यान, कोडिंग त्यानंतर. १८ ही संख्या प्रस्तावातच होती (१० + ६ + २), रुग्णालयातल्या नर्सच्या साधारण प्रमाणानुसार.

तळटीप

मग ते वाक्य जायलाच हवं. तुमची संख्या आधी ठरलेली होती आणि सॅच्युरेशन नंतर तपासलं. यात लाजण्यासारखं काही नाही, समित्या आधी आकडा मागतातच. पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या वाक्यांत लिहायच्या : संख्या कशावरून ठरवली, आणि ती पुरली का हे कशावरून बघितलं. रिव्ह्यूअरना बहुतेक वेळा खोट सापडते ती इथेच. एका परिच्छेदात "प्रस्तावानुसार १८" आणि पुढच्यात "सॅच्युरेशनवर थांबलो", दोन्ही एकाच वेळी खरं असणं कठीण.

योगायोगाने बरोबर १८ ला सॅच्युरेशन आलं असं लिहिणाऱ्यांची कमी नाही म्हणा. मेसन यांनी २०१० मध्ये पीएचडीच्या ५६० गुणात्मक अभ्यासांचे नमुने तपासले, तेव्हा आकडे १० च्या पटींत गर्दी करून बसलेले सापडले. डेटा काही दहाच्या पटीत संपत नसतो.

संख्या आधी ठरवून पुढे नीट तपासायची असेल तर फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांची २०१० ची रीत आहे : सुरुवातीचा नमुना किती ते आधी जाहीर करायचं, उदाहरणार्थ १०, आणि त्यानंतर सलग ३ मुलाखतींत नवं काही आलं नाही तर थांबायचं. पण त्यासाठी कोडिंग मुलाखतींच्या जोडीने चालायला हवं. आता या अभ्यासाला ती लावता येणार नाही, पुढच्याला लावा.

रानपाखरू

मग १० वॉर्ड, ६ आयसीयू हे प्रमाणानुसार घेतलं ते तरी बरोबरच ना?

तळटीप

तेही खरं तर सर्वेक्षणाचं डोकं. गुणात्मक नमुन्यात गटाची संख्या त्या गटातल्या वैविध्यावर ठरवतात, त्याच्या लोकसंख्येतल्या वाट्यावर नाही. एजन्सीच्या नर्स संख्येने थोड्या, पण माहिती निसटण्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाच्या ठरू शकतात, कारण त्या रोज वेगळ्या ठिकाणी जातात. पण जे झालं ते झालं तसंच लिहायचं. मागाहून सैद्धान्तिक कारण चिकटवू नका.

दशमान

बरं, गटवार मोजणी पटली. पण क्रमाचं काय? मुलाखतींचा क्रम योगायोगाचा. वॉर्डमधली चौथी मुलाखत पहिली आली असती तर पाया वेगळा झाला असता.

मेधा_सं

हा चांगला मुद्दा. गटाच्या आत क्रम उलटसुलट करून तीच मोजणी आठ-दहा वेळा करा. वॉर्डमध्ये थांबण्याची जागा एक-दोन मुलाखतींनी हलली तर काळजी नाही. चारपासून सातपर्यंत उड्या मारत असेल तर एखादी मुलाखत एकटीच खूप कोड घेऊन बसली आहे असं समजायचं, आणि ती मुलाखत वेगळी का आहे ते बघायचं.

मात्र गट मिसळून क्रम उलटसुलट करू नका. आलेख सुंदर गुळगुळीत होतो, आणि अकराव्या मुलाखतीचा उंचवटा गायब होतो. लपवायचं असेल तर उत्तम उपाय, एवढंच म्हणेन.

आता जरा वेगळं. सपाट आलेख खोटाही असू शकतो. नवे कोड येत नाहीत याचं कारण सांगणाऱ्याकडे नवं नाही हे असू शकतं, किंवा विचारणाऱ्याने खोदायचं सोडलंय हेही असू शकतं. मुलाखतींची लांबी बघा. पहिल्या पाच ५५ मिनिटांच्या आणि आठ ते दहा ४० च्या असतील तर थांबा. त्या तीन ट्रान्सक्रिप्ट काढा आणि "म्हणजे नेमकं काय झालं?", "मग तुम्ही काय केलं?" असे उपप्रश्न किती आहेत ते मोजा. मुलाखतकार ओळखीचं उत्तर आलं की मान डोलावून पुढच्या प्रश्नाला जायला लागतो, आणि सॅच्युरेशन आल्यासारखं दिसतं.

उलटंही होतं. मध्येच मुलाखतीच्या गाईडमध्ये, म्हणजे प्रश्नांच्या यादीत, नवा प्रश्न घातला की त्या मुलाखतीपासून नवे कोड फुटतात. ती वाढ सहभागींमुळे नाही, प्रश्नामुळे. गाईड कधी बदललं त्याची तारीख असेल तर तक्त्यावर उभी रेघ मारून ठेवा.

कोरा_कागद

लांबी तपासली. वॉर्डच्या शेवटच्या तीन ४७, ५१, ४४ मिनिटं. उपप्रश्न आधीइतकेच आहेत. गाईड बदललं नव्हतं.

मेधा_सं

मग वॉर्डचा सपाटपणा खरा धरायला हरकत नाही.

आता रिव्ह्यूअरच्या पहिल्या प्रश्नाकडे, "कोणत्या अर्थाने". तक्त्यात 1 आला म्हणजे कोडची हजेरी लागली. कोड समजला असं त्यातून सिद्ध होत नाही. हेन्निंक, कायझर आणि मार्कोनी यांनी २०१७ मध्ये हा फरक २५ मुलाखतींवर दाखवला : कोडची हजेरी ९ मुलाखतींत पूर्ण झाली, पण कोडमागचे अर्थ पुरते उलगडायला १६ ते २४ लागल्या. तुमच्या अभ्यासात निष्कर्ष ज्यांच्यावर उभे आहेत असे चार-पाच कोड निवडा. प्रत्येकासाठी कागदावर मुलाखत क्रमांक लिहा आणि त्या मुलाखतीने कोडबद्दल नवं काय सांगितलं ते एका ओळीत लिहा. काहीच नवं नसेल तर "तेच" लिहा. एकच कोड करून इथे टाका, बघू.

कोरा_कागद

"विचारायला संकोच" हा कोड घेतला.

मुलाखत २ : सीनियर चिडते म्हणून पुन्हा विचारत नाही.
५ : तेच.
९ : विचारलं तर आपण ऐकत नव्हतो असं दिसेल.
१० : तेच.
१३ : विचारायला वेळच नाही, अलार्म वाजत असतात.
१४ : नर्सला न विचारता थेट डॉक्टरला विचारलं जातं.
१६ : तेच.
१७ : कुणाला विचारायचं तेच कळत नाही, नावं माहीत नाहीत.
१८ : विचारलं तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत ही भीती.

मेधा_सं

हा तक्ता आधीच्या टक्केवारीपेक्षा जास्त बोलतो. हजेरीच्या हिशेबाने हा कोड दुसऱ्या मुलाखतीलाच मिळाला. अर्थाच्या हिशेबाने वॉर्डमध्ये नवव्यापर्यंत वाढत होता, म्हणजे तुमच्या ७+३ च्या सातव्या मुलाखतीनंतरही. आयसीयूमध्ये चौदाव्यापर्यंत. आणि एजन्सीत तर दोन्ही मुलाखतींनी नवीन कारण दिलंय. अठरावीतलं कारण, पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, हे कामाच्या स्वरूपाशी बांधलेलं आहे. वॉर्डच्या आणखी २० मुलाखती घेतल्या असत्या तरी ते मिळालं नसतं.

दशमान

मग एजन्सीच्या दोन मुलाखती विश्लेषणातून काढून टाका. उरलेल्या १६ वर सॅच्युरेशन स्वच्छ दिसेल.

तळटीप

नाही. सोयीचा आलेख यावा म्हणून सहभागी गाळणं चालत नाही, आणि त्या दोघींनी वेळ देऊन संमतीपत्रावर सही केली आहे. दोनच रस्ते : आणखी तीन-चार मुलाखती घ्यायच्या, किंवा त्या गटापुरता दावा छोटा करायचा.

परिच्छेदाचा कच्चा मसुदा देतो, तुमच्या शब्दांत बदला :

"सहभागींची संख्या (जनरल वॉर्ड १०, आयसीयू ६, एजन्सी २) अभ्यासाच्या प्रस्तावात तिन्ही गटांच्या प्रमाणानुसार आधी निश्चित केली होती. सर्व मुलाखती पूर्ण झाल्यावर कोडिंग केले, त्यामुळे सॅच्युरेशन हा मुलाखती थांबवण्याचा निकष नव्हता. नमुना पुरेसा होता का, हे नंतर गटनिहाय तपासले. अंतिम कोडबुकमधील ६० कोडपैकी प्रत्येक कोड गटात प्रथम कोणत्या मुलाखतीत आला याची नोंद केली. पहिल्या चार मुलाखतींतील कोड पाया धरून त्यापुढील मुलाखतींत नव्या कोडचे प्रमाण ५ टक्के किंवा त्याखाली येते का हे पाहिले. वॉर्ड गटात (सलग तीन मुलाखतींची खिडकी) हे प्रमाण ८ ते १० या मुलाखतींत ३ टक्के होते. आयसीयू गटात (सलग दोन मुलाखतींची खिडकी) ते शेवटच्या दोन मुलाखतींत ३ टक्के होते. त्यापुढे पडताळणीसाठी मुलाखती नव्हत्या. एजन्सी गटात दोन्ही मुलाखतींत नवे कोड आले, त्यामुळे या गटाचे निष्कर्ष प्राथमिक मानावेत. प्रमुख कोडच्या अर्थाचा विस्तार मुलाखतनिहाय तपासला असून तो पुरवणी तक्त्यात दिला आहे."

हजेरीचा तक्ता आणि "विचारायला संकोच" सारखे चार तक्ते पुरवणीत टाका. गुणात्मक अभ्यास लिहिताना काय काय सांगायचं याची कोरेकची ३२ मुद्द्यांची यादी जोडायची असेल तर नमुन्याची संख्या हा बारावा मुद्दा आणि सॅच्युरेशन हा बाविसावा. दोन्ही ठिकाणी याच परिच्छेदाचं पान द्या, वेगवेगळी वाक्यं नकोत.

आडवा_छेद

मसुदा प्रामाणिक आहे. तरी "५ टक्के का, १० का नाही" हा प्रश्न उरतोच. त्याला "त्या पेपरमध्ये तसं आहे" यापलीकडे कारण नाही.

मेधा_सं

नाहीच. शून्य टक्के धरलं असतं तर वॉर्डमध्ये तीनच्या कुठल्याही खिडकीला ते आलं नसतं. मर्यादा आधी ठरवली की नंतर, एवढं तरी लिहावं. इथे नंतर ठरवली आहे, म्हणून ३ टक्के हा प्रत्यक्ष आकडाही दिला आहे. ज्याला २ टक्के हवे असतील त्याला तो वाचून नाकारता येईल.

कोरा_कागद

एजन्सीच्या आणखी तीन नर्स बोलायला तयार आहेत असं कळलंय. रिव्ह्यूअरला उत्तर द्यायला सहा आठवडे आहेत. घ्याव्यात का?

तळटीप

आधी नैतिकता समितीच्या मंजुरीपत्रात सहभागींची कमाल संख्या आणि मुदत बघा. १८ असं स्पष्ट लिहिलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल, आणि तो सहा आठवड्यांत सुटेलच असं नाही. मंजुरीशिवाय घेतलेली मुलाखत वापरता येत नाही. अर्ज टाका, आणि तोपर्यंत वरच्या मसुद्याप्रमाणे दावा छोटा ठेवूनच उत्तर तयार करा.

मेधा_सं

मंजुरी मिळाली तर या तीन मुलाखती एकेक करून घ्या, प्रत्येकीनंतर लगेच कोडिंग करा, आणि तारखा नोंदवा. मग किमान या गटापुरतं पद्धतीच्या भागात "मुलाखती आणि विश्लेषण एकत्र चाललं" असं लिहिता येईल. पाच मुलाखतींवरही सॅच्युरेशन म्हणता येईलच असं नाही. पहिल्या दोघींत इतकं वेगळं आलंय की तिसरीही नवं काही घेऊन येईल असा माझा अंदाज आहे.

रानपाखरू

माझी प्रश्नावली झाल्यावर आम्ही तीन फोकस ग्रुप घेणार आहोत. त्यांनाही हाच तक्ता चालतो का? एका ग्रुपमध्ये आठ जणी म्हणजे २४ स्तंभ धरायचे ना?

मेधा_सं

नाही, एक ग्रुप म्हणजे एक स्तंभ. आठ जणी एकमेकींचं ऐकून बोलतात, त्यांना आठ स्वतंत्र मुलाखती धरता येत नाही. आणि तीन स्तंभांवर पाया धरून वर खिडकी सरकवायला जागाच उरत नाही. हेन्निंक आणि कायझर यांच्या २०२२ च्या आढाव्यात एकसारख्या गटांसाठी मुलाखती ९ ते १७ आणि फोकस ग्रुप ४ ते ८ असा पल्ला निघाला होता. तीनवर सॅच्युरेशनचा दावा करायचा की ग्रुप वाढवायचे, ते तुमचे तिन्ही ग्रुप कोणाकोणाचे आहेत यावर ठरेल. त्यासाठी वेगळा धागा काढा.